विभागवार मासिक विक्री: बार चार्ट की लाइन चार्ट? या चुका टाळा

समजा, चार विभाग आहेत (उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम) आणि प्रत्येकाची बारा महिन्यांची विक्री नगांमध्ये हाताशी आहे. बहुतेक जण हा तक्ता निवडतात, बार चार्टवर क्लिक करतात आणि अहवालात चिकटवून मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते.

अठ्ठेचाळीस खांबांचं जंगल

बारा महिने गुणिले चार विभाग म्हणजे अठ्ठेचाळीस खांब. पूर्व विभागाची वर्षभराची चाल पाहायची तर नजरेला दर महिन्याच्या गटातला तिसरा खांब शोधत बारा उड्या माराव्या लागतात, आणि मधले तीन खांब दरवेळी आड येतात. वाचणारा दोन-तीन महिन्यांतच नाद सोडतो. प्रश्न ‘कोणता विभाग वर्षभरात कसा चालला’ असा असेल, तर लाइन चार्टच घ्या. चार रेषा, बारा बिंदू, आणि विभागाचं नाव रंगांच्या सूचीत न देता रेषेच्या उजव्या टोकाशी लिहा.

प्रश्न ‘मार्चमध्ये कोण पुढे होतं’ किंवा ‘वर्षाची एकूण विक्री कोणाची जास्त’ असा असेल, तर बार चार्ट बरोबर. पण मग चारच खांब काढा, उतरत्या क्रमाने. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असतील तर दोन चार्ट द्या. एकाच चित्रावर दोन्हींचं ओझं टाकलं की एकाचंही उत्तर धड मिळत नाही.

रेषा महिने जोडते की विभाग?

ही चूक एक्सेलमध्ये नकळत होते. एक्सेल सहसा ज्या बाजूला नोंदी जास्त, ती बाजू आडव्या अक्षावर घेतं. बारा महिने आणि चार विभाग असतील तर महिने खाली येतात, सगळं ठीक. पण फक्त तिमाहीचा तक्ता घेतला, म्हणजे तीन महिने आणि चार विभाग, की विभाग खाली जातात. मग रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे, तिथून पूर्वेकडे जाते. उत्तर आणि दक्षिण यांच्या मधे काही नसतं, त्यामुळे त्या चढ-उताराला अर्थच नाही. विभागांचा क्रम बदलला तर रेषेचा आकारही बदलेल. ओळखायची खूण सोपी आहे: खालच्या अक्षावर महिन्यांऐवजी विभाग दिसत असतील तर Chart Design मधलं Switch Row/Column दाबा.

अक्ष कुठून सुरू होतो?

उत्तरेची विक्री वर्षभरात ४,००० वरून ४,४०० नगांवर गेली, म्हणजे १० टक्के वाढ. बार चार्टचा उभा अक्ष ३,८०० पासून सुरू केला तर पहिल्या खांबाची उंची २०० ची आणि शेवटच्याची ६०० ची दिसते. विक्री तिप्पट झाल्यासारखी! खांबात आपण लांबी वाचतो, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा, याला सूट नाही. लाइन चार्टमध्ये आपण मुख्यतः चढ-उतार वाचतो, तिथे अक्ष शून्याच्या वरच्या आकड्यापासून सुरू केला तरी चालतं. फक्त आकडे स्पष्ट दिसू द्या.

मोठ्या विभागाखाली दबलेला छोटा विभाग

लाइन चार्ट निवडला म्हणून काम संपत नाही. पूर्वेची विक्री ४०० वरून ६०० वर गेली असं धरा. वाढ ५० टक्के, पण ४,००० च्या आसपासच्या उत्तरेशेजारी तिची रेषा तळाशी जवळजवळ सपाट दिसते. उत्तरेचा चढ तिच्या दुप्पट वाटतो, कारण नगांत तो खरंच दुप्पट आहे: ४०० विरुद्ध २००. वाढीचा वेग तपासायचा असेल तर प्रत्येक विभागाचा पहिला महिना १०० धरा आणि बाकीचे महिने त्या प्रमाणात मांडा. मग उत्तर ११० वर आणि पूर्व १५० वर संपते. मात्र शीर्षकात ‘पहिला महिना = १००’ असं लिहायलाच हवं, नाहीतर पूर्वेची विक्री उत्तरेपेक्षा जास्त आहे असा समज होईल. पहिला महिनाच असाधारण कमी असेल तर हा हिशेब फसवा ठरतो. तेव्हा पायासाठी मागच्या वर्षाची सरासरी घ्या.

अचानक शून्यावर कोसळलेली रेषा

एखाद्या विभागाची रेषा एकाच महिन्यात तळाला जाऊन परत वर आली, तर आधी तक्ता पाहा. सेल खरोखर रिकामा असेल तर एक्सेलची रेषा सहसा तिथे तुटते. पण सूत्रातून `""` आलं असेल तर एक्सेल तो मजकूर समजून शून्य काढतं. त्याऐवजी मूळ आकडा B7 मध्ये असेल तर चार्टसाठी वेगळ्या स्तंभात हे वापरा:

```
=IF(B7="",NA(),B7)
```

चालू महिना अर्धाच भरला असेल तरी चारही रेषा शेवटी एकदम खाली वळतात. तो महिना काढून टाका, किंवा तुटक रेषेने दाखवून शेजारी ‘अपूर्ण’ लिहा.