खांद्यावरचे पट्टे आणि लाल चट्टे: आधी उजेड, मग रंग

रीटचिंग नुकतंच शिकताय आणि सुट्टीतला पोर्ट्रेट हातात आलाय, खांद्यावर पट्ट्याची पांढरी रेघ, शेजारी उन्हाने लाल झालेला चट्टा. नवीन माणूस लगेच क्लोन टूल उचलतो आणि मग त्वचेचा पोतच जातो. पांढरी रेघ आणि लाल चट्टा हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. चट्ट्यात मुख्यतः रंग बिघडलेला असतो, रेघेत उजेड आणि रंग दोन्ही.

फोटोशॉपमध्ये सगळ्यात वर एक काळा भरलेला लेयर ठेवा, ब्लेंड मोड Color, फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसायला लागेल. आता जे दिसतंय तो फक्त उजेडाचा फरक, चट्टा इथे बऱ्यापैकी गायब होतो पण रेघ तशीच राहते. हा लेयर काम संपेपर्यंत सगळ्यात वरच ठेवा, उजेड बघताना चालू आणि रंगाचं काम करताना बंद करत राहायचं.

आधी लाली. Hue/Saturation लेयर घ्या, Reds निवडा, आयड्रॉपरने चट्ट्यावर क्लिक करा. मग Hue एकदम टोकाला न्या, म्हणजे नेमकं काय पकडलं गेलंय ते विचित्र रंगात दिसतं, खालचे स्लायडर सरकवून ती रेंज चट्ट्यापुरती आवळा आणि मग Hue परत शून्यावर आणून +5 ते +10, म्हणजे पिवळ्याकडे, सॅच्युरेशन थोडं कमी. ओठ पण लालच असतात, म्हणून मास्क Ctrl+I ने काळा करून मऊ ब्रशने फक्त खांद्यावर रंगवा.

आता रेघ. मी नेहमी गोरी रेघ गडद करते, उरलेला हात उजळवत नाही, कारण रेघ छोटी असते आणि छोट्या जागेतली चूक कमी दिसते. Curves लेयर, मोड Luminosity, मधला भाग खाली ओढा, मास्क काळा आणि रेघेवर पांढऱ्या ब्रशने flow 10% ठेवून हळूहळू. रेघेची कड तीक्ष्ण असते ना, तिथे ब्रश रेघेच्या रुंदीपेक्षा लहान हवा, नाहीतर शेजारच्या टॅन त्वचेवर काळसर झालर येते, हे मी शिकणाऱ्यांच्या कामात सारखं बघते.

एवढं झालं की तिथली त्वचा राखाडी, आजारी वाटते. घाबरू नका, उजेड जुळलाय पण रंग अजून फिक्या त्वचेचाच आहे. Color मोडचा नवीन रिकामा लेयर घ्या, Alt दाबून शेजारच्या टॅन भागातून रंग उचला, 15-20% ओपॅसिटीने दोन-तीन हात फिरवा, आणि खांद्याच्या गोलाईवर पुढे जाताना रंग पुन्हा उचलत राहा, कारण वरचा आणि सावलीतला रंग एक नसतो.

सोललेली त्वचा असेल तर मात्र हीलिंग ब्रशच लागतो, तो पोताचा मामला. आणि भर उन्हात काढलेल्या जेपीईजीत Info पॅनलमध्ये खांद्याचा R सगळीकडे 255 दिसला तर तिथला लाल चॅनलचा तपशील उडालाय, कितीही स्लायडर फिरवा तो भाग सपाटच राहणार, अशा वेळी रॉ फाइल मागा.