शेंगाचटणीचा व्हिडिओ वरून शूट करण्याआधी

फोन चार्ज, जागा रिकामी, लेन्स पुसलेली, एवढं सांगायला नको. सगळ्यात आधी फ्रीज बंद करा. फॅन बंद करायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, कारण तो दिसतो. फ्रीज मात्र अधूनमधून स्वतःच घरघरायला लागतो आणि आपल्या कानांना त्याची इतकी सवय असते की शूट करताना तो ऐकूच येत नाही. मागच्या वेळी माझा सगळा व्हिडिओ यातच गेला. भाजण्याच्या शॉटमध्ये घरघर होती, कुटण्याच्या पहिल्या शॉटमध्ये नव्हती, पुढच्यात पुन्हा आली. तुकडे जोडले की दर कटला आवाज चढतो-उतरतो. नंतर अ‍ॅपमधून काढू म्हणाल, तर घरघरीसोबत शेंगदाण्यांची तडतडही बोथट होते, आणि त्या तडतडीसाठीच तर हा खटाटोप. म्हणून फ्रीजचा प्लग काढा आणि घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही.

वेळ सकाळची धरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी फॅनशिवाय ओट्यापाशी उभं राहवत नाही, आणि घामेजलेले हात वरून चांगले दिसत नाहीत. शहराच्या पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमाग सुरू असताना शूट करूच नका, ती खडखड खिडकी लावूनही आत येते. टाइल्सच्या स्वयंपाकघरात आवाज घुमतो, तेव्हा ओट्यासमोरच्या भिंतीवर आणि आपल्या पाठीमागे जाड चादर टांगा. चादरींची आपल्याकडे कमी नाही.

फोनचा स्टँड ओट्यावर लावू नका. कुटायला लागलात की प्रत्येक घावाला चित्र हलेल. स्टँड जमिनीवर उभा करा, त्याची दांडी ओट्यावर आणा आणि खलबत्त्याखाली चौघडी घातलेला टॉवेल ठेवा. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करून ओट्याची कड रेषेला समांतर आहे ना ते पाहा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर हात आत आला की चित्र उजळतं, गेला की काळवंडतं. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. डोक्यावरची ट्यूब लावली तर हातांची सावली थेट खलात पडते. खोल उखळात वरून काहीच दिसत नाही, पसरट खलच घ्या.

आवाजासाठी दुसरा फोन हवाच. वरचा फोन दोन-अडीच फुटांवर असतो, त्याला तडतड लांबून ऐकू येते. दुसरा फोन घडी केलेल्या कापडावर, फ्रेमच्या बाहेर, भाजताना शेगडीच्या आचेपासून जपून वीतभर-दीड वीत अंतरावर आणि कुटताना हातभर लांब ठेवा, कारण घावाचा आवाज जवळून फाटतो. दोन्ही फोन चालू केले की एक टाळी वाजवा, नंतर आवाज जुळवता येतो. बांगड्या काढा, त्या प्रत्येक घावाला किणकिणतात. पहिले दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका. घरघर आली? फ्रीज. परत जा आणि पाहा.

आता टप्पे. दोन वाट्या शेंगदाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत आधीच काढून ठेवा. प्रत्येक कृतीआधी आणि नंतर दोन सेकंद हात फ्रेमबाहेर ठेवा, कापायला जागा मिळते. भाजणं मंद आचेवर दहा-बारा मिनिटं चालतं, व्हिडिओत त्याची सुरुवात आणि साल तडकू लागल्याचा क्षण पुरेसा आहे. कुटणं मात्र तीनदा दाखवा. आधी दाणे फुटतात तेव्हा कोरडा, टणक आवाज येतो. भरड झाली की तो जड, धपधप होतो. तेल सुटलं की बत्ता चिकटून सुटताना चपचपतो, आणि तेव्हाच चटणी मुठीत दाबली तर गोळा राहते. म्हणून एकाच घावाचा आवाज तिन्हीवर चिकटवू नका. चटणी कुठवर आली हे पाहणाऱ्याला त्या आवाजावरूनच कळतं.

शेवटी सगळं झाल्यावर, फ्रीज अजून बंद असतानाच, कुणीही न बोलता वीस सेकंद रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज घ्या. तो कटांच्या खाली अंथरायचा. मग भाकरी मोडून चटणी लावतानाचा एक शॉट. एडिटिंगला गाणं आवाजावर चढवू नका, टप्प्यांची नावं मोठ्या अक्षरात, बस्स. किल्ली काढायला जाल तेव्हा प्लग लावा.