शोधलं की सापडलं? चायनीजमधले ज्येन, दाओ आणि वान

चीनमधल्या यिवूत नवीन आलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. इथे पार्सल घरपोच येईलच असं नाही, बरेचदा ते सोसायटीजवळच्या पिकअपच्या दुकानात ठेवतात आणि मोबाईलवर कोड येतो, 6-2-3015 असा काहीतरी, त्यात रॅक कुठला, कप्पा कुठला ते असतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळा रॅक पालथा घातला, पार्सल नाहीच, मग काउंटरवरच्या बाईंना सांगितलं "वो मेय जाओ". त्या शांतपणे म्हणाल्या, मग शोधा की. कारण मी जे बोललो त्याचा अर्थ होता "मी शोधलंच नाही". म्हणायचं होतं "वो मेय जाओ-दाओ", म्हणजे शोधलं पण सापडलं नाही.

सगळी गोम इथेच आहे. चायनीजमधलं साधं क्रियापद बहुतेक वेळा फक्त प्रयत्न सांगतं, त्यातून काय निघालं ते मागे लावलेल्या शेपटीत असतं. मराठीत आपण त्यासाठी सरळ दुसरं क्रियापदच घेतो. बघणं वेगळं, दिसणं वेगळं. शोधणं आणि सापडणं, ऐकणं आणि ऐकू येणं. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला नवीन नाहीये, फक्त तिथे शब्द बदलण्याऐवजी मागे तुकडा जोडतात. खान म्हणजे बघणं, खान-ज्येन म्हणजे दिसणं. थिंग म्हणजे ऐकणं, थिंग-ज्येन म्हणजे ऐकू येणं.

ज्येन मुख्यतः डोळे, कान, नाक यांच्यासोबत आणि कोणी अचानक भेटलं तर लागतं, त्यापलीकडे फारसं जात नाही. दाओ मात्र सगळीकडे चालतं, जिथे जिथे मराठीत मिळालं, सापडलं, हाताला लागलं असं म्हणू तिथे. खान-दाओ आणि खान-ज्येन रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा एकच, त्यात डोकं खपवू नका. माय म्हणजे विकत घेणं आणि माय-दाओ म्हणजे घ्यायला गेलो आणि मिळालं. चायनीज न्यू इयरच्या आधी ट्रेनची तिकिटं संपतात तेव्हा हा फरक फार कामाला येतो. "मेय माय-दाओ प्याव" म्हणजे प्रयत्न केला पण तिकीट मिळालं नाही, आणि "मेय माय प्याव" म्हणजे तिकीट काढलेलंच नाही, हे स्टेशनच्या गेटवर बोललात तर समोरचा तुम्हाला विनातिकीट समजेल.

वान तर अगदी आपलं "-ऊन झालं". छ्र-वान-ल, खाऊन झालं. खान-वान-ल, वाचून झालं किंवा बघून झालं. इथे आपली चूक होते ती जागेची. फान म्हणजे जेवण, आणि जेवण झालं असं डोक्यात असतं म्हणून आपण छ्र-फान-वान म्हणतो, ते चुकीचं, क्रियापद आणि शेपटी यांच्यामध्ये वस्तू घालायची नाही, छ्र-वान-फान असंच. आणि नकार देताना पुढे मेय आलं की शेवटचा ल गळतो. मेय छ्र-वान, बस. मेय छ्र-वान-ल हे आपल्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं बोलतात, समोरच्याला कळतं म्हणून तो सुधारत नाही.

आता पुन्हा पार्सलकडे, कारण नकार दोन प्रकारचा असतो आणि तोही मराठीत जसाच्या तसा आहे. सापडलं नाही, मेय जाओ-दाओ, हे झालेल्या गोष्टीबद्दल. सापडत नाहीये, जाओ-बू-दाओ, म्हणजे बू बरोबर मध्ये घुसतो आणि अर्थ होतो की कितीही शोधलं तरी हाती लागत नाही. रॅकसमोर उभे असाल तर जाओ-बू-दाओ म्हणा, बाई स्वतः उठून येतील. फोनवर आवाज जात असेल तर थिंग-बू-ज्येन, ऐकू येत नाहीये. पण आवाज स्वच्छ येतोय आणि बोलणं समजत नाहीये तर तिथे ज्येन नको, थिंग-बू-दोंग म्हणा, नाहीतर समोरचा तेच वाक्य तितक्याच वेगात फक्त मोठ्याने ओरडून सांगेल. विचारायचं असेल तर बूच्या जागी द येतो, थिंग-द-ज्येन मा, ऐकू येतंय का.

सप्लायरशी बोलताना अजून एक सांभाळा. ऑर्डर झाली का हे विचारायला आपण ज़्वो-वान म्हणतो, त्यात फक्त काम संपलं एवढंच येतं. माल नीट तयार आहे का हे हवं असेल तर ज़्वो-हाओ-ल मा असं विचारा, मराठीतलं "झालं का" दोन्हीकडे चालतं म्हणून आपण इथे हमखास फसतो.

तोंडात बसवायला जेवणाचं टेबल उत्तम. इथे पाहुण्यासाठी पदार्थ जास्तच मागवतात, पोट भरलं आणि ताटं अजून भरलेलीच असली की म्हणा "छ्र-बू-वान", संपत नाहीये, आणि लगेच "दाबाओ", बांधून द्या, की ते डबे आणून देतील.