बिल एका दिवसाचं, काम वर्षभराचं

अकाउंट्समध्ये नोकरीला लागून मला दुसराच महिना होता. एका ग्राहकाला वर्षभराच्या देखभाल सेवेचं बिल पाठवायचं होतं. रक्कम १,४६,०००, बिलाची तारीख १ ऑक्टोबर, सेवा १६ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपर्यंत. मी बिल बनवलं, ग्राहकाचं खातं नावे टाकलं, सेवा-उत्पन्नाचं खातं जमा केलं आणि पुढच्या कामाला लागले. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. नावे-जमा जुळलं होतं, मग तक्रार तरी कशाची करणार?

महिनाअखेरीला सरांनी ऑक्टोबरचं उत्पन्न पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "या ग्राहकाला ऑक्टोबरात किती दिवस सेवा दिली?"

"सोळा," मी म्हटलं.

"मग तीनशे पासष्ट दिवसांचं उत्पन्न कुठून आलं?"

त्या प्रश्नात या विषयाचा गाभा आहे. आगाऊ बिलाला तीन तारखा असतात: बिल पाठवल्याची, पैसे आल्याची आणि सेवा दिल्याची. सेवेची ही तारीख एक दिवस नसून ३६५ दिवसांचा पट्टा असते. अक्रुअल पद्धतीत उत्पन्न सेवेच्या दिवसांप्रमाणे धरतात, रोख पद्धतीत पैसे आल्याच्या दिवशी. बिलाची तारीख यातल्या कोणत्याच पद्धतीत उत्पन्न ठरवत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिलाच धरून बसतो, कारण हातात कागद तोच असतो. बिल म्हणजे मागणी. मागणी केली म्हणून कमाई झाली असं होत नाही.

रोख पद्धत आधी उरकते, कारण तिथे फार काही नाही. पैसे १० नोव्हेंबरला आले तर त्या दिवशी १,४६,००० उत्पन्न. १० जानेवारीला आले आणि हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपत असेल, तर या वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी सगळे. सेवा तीच, दिवस तेच, पण ग्राहकाने पैसे आज दिले की दोन महिन्यांनी यावर वर्षाचा नफा बदलतो. अगदी लहान व्यवसायांना अनेक ठिकाणी ही पद्धत चालते. बँकेत किती आहे हे ती चोख सांगते. वर्षात किती काम करून किती कमावलं हे मात्र वर्षभराची आगाऊ बिलं असतील तर तिच्यातून कळत नाही.

आता अक्रुअल. बिल पाठवताना ग्राहकाचं खातं १,४६,००० ने नावे, आणि जमा बाजूला उत्पन्न नाही तर 'आगाऊ उत्पन्न' हे खातं. डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात ते हेच. नावात उत्पन्न असलं तरी ते देणं आहे, ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला बसतं. मला हे पचायला वेळ लागला. मग सरांनी सांगितलं की इथे देणं पैशाचं नाही, सेवेचं आहे. ग्राहकाला आपण अजून ३६५ दिवसांचं काम देणं लागतो, आणि रोज एक दिवसाचं देणं फिटत जातं. जेवढं फिटलं तेवढं उत्पन्न. (बिलावर कर असेल तर तो आधीच बाजूला काढून कराच्या देण्यात टाकायचा. तो आपला नसतोच, त्यामुळे या वाटणीत येत नाही.)

दिवसाचा दर १,४६,००० भागिले ३६५, म्हणजे ४००. ऑक्टोबरचे १६ दिवस, ६,४००. नोव्हेंबरचे ३०, १२,०००. डिसेंबरचे ३१, १२,४००. दर महिनाअखेरीला एक जर्नल नोंद: आगाऊ उत्पन्न नावे, सेवा-उत्पन्न जमा. ३१ डिसेंबरपर्यंत ७७ दिवसांचे ३०,८०० उत्पन्नात आले आणि २८८ दिवसांचे १,१५,२०० देण्यात उरले. पैसे १० नोव्हेंबरला आले तेव्हा फक्त बँक नावे आणि ग्राहक जमा. उत्पन्नाला त्या दिवशी हात लागला नाही.

दिवसांप्रमाणे समान वाटणी इथे बरोबर आहे, कारण ग्राहक रोज तयार असलेली सेवा विकत घेतो, मग बिघाड होवो वा न होवो. वर्षातून ठरलेल्या चार भेटी एवढंच काम असतं, तर भेटीगणिक उत्पन्न धरणं जास्त खरं ठरलं असतं. करार वाचल्याशिवाय वाटणीची पद्धत ठरवू नका.

वाटणीचा तक्ता मी स्प्रेडशीटमध्ये ठेवते. A मध्ये रक्कम, B आणि C मध्ये सेवेची सुरुवात आणि शेवट, D आणि E मध्ये महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख:

```
=A2/(C2-B2+1)*MAX(0,MIN(C2,E2)-MAX(B2,D2)+1)
```

यातले दोन्ही `+1` महत्त्वाचे. तारखेतून तारीख वजा केली की पहिला दिवस गळतो, ३६५ ऐवजी ३६४ येतात. शेवटचा `+1` विसरलात तर महिन्याचा एक दिवस बुडतो, पहिला विसरलात तर दर वाढतो, आणि दोन्ही विसरलात तर आकडे इतके खऱ्यासारखे दिसतात की चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. म्हणून सगळ्या महिन्यांची बेरीज बिलाच्या रकमेइतकी येते का हा ताळा तक्त्याच्या शेवटी कायम ठेवा.

माझी ती पहिली नोंद दुरुस्त करताना मी आणखी एक घोळ घातला, आणि तो सांगायलाच हवा, कारण नंतर तोच मी कितीतरी जणांच्या हिशेबात पाहिला. तक्ता बनवला, त्याप्रमाणे तिन्ही महिन्यांच्या नोंदी टाकल्या, पण मूळ बिलाची नोंद तशीच राहिली. म्हणजे १,४६,००० आधीच उत्पन्नात होते, त्यावर तक्त्यातले ३०,८०० पुन्हा आले. उत्पन्न १,७६,८००, बिलापेक्षाही जास्त. पकडलं कशामुळे, तर तेरजेत आगाऊ उत्पन्नाच्या खात्याला नावे बाजूला ३०,८०० ची शिल्लक दिसली. देण्याच्या खात्याला नावे शिल्लक दिसली की थांबायचं. जे देणं कधी उभंच केलं नाही ते आपण फेडत बसलोय असा त्याचा अर्थ. दुरुस्ती एका नोंदीची होती: सेवा-उत्पन्न १,४६,००० नावे, आगाऊ उत्पन्न १,४६,००० जमा. मग शिल्लक १,१५,२०० जमा बाजूला आली आणि तक्त्याशी जुळली.

तेव्हापासून मी दर महिन्याला ग्राहकवार तक्त्यातली उरलेली रक्कम आणि खातेवहीतली शिल्लक समोरासमोर ठेवते. एकूण बेरीज जुळणं पुरत नाही. एकाची नावे शिल्लक दुसऱ्याच्या जमा शिलकेत लपते.

आता जरा अवघड भाग. वर्षअखेरीला बिल गेलंय, पण पैसे आलेले नाहीत, तेव्हा काय?

समजा वरच्याच करारात ३१ डिसेंबरपर्यंत ग्राहकाने काहीच दिलेलं नाही. खातेवहीत येणं १,४६,००० आणि देणं १,१५,२०० दिसतंय. नफा बरोबर आहे, ३०,८००. पण ताळेबंद बरोबर आहे का, हे करारातल्या रद्द करण्याच्या कलमावर अवलंबून. ग्राहक कधीही करार मोडू शकत असेल आणि फक्त घेतलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे असतील, तर आपला पक्का हक्क ३०,८०० वरच आहे. उरलेले १,१५,२०० आपण मागितलेत, पण तितकं काम दिलेलं नाही आणि पैसेही मिळालेले नाहीत. एका बाजूला फुगलेलं येणं, दुसऱ्या बाजूला फुगलेलं देणं. ताळेबंदापुरते दोन्ही एकमेकांतून वजा करायचे, येणं ३०,८०० राहतं, आगाऊ उत्पन्न शून्य. करार मोडता येत नसेल आणि पैसे भरायची मुदत उलटली असेल, तर मात्र दोन्ही आकडे पूर्ण दाखवायचे, कारण आता पैशावरचा हक्क बिनशर्त झालाय.

आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे आणि त्याने हा मुद्दा स्पष्ट केलाय: येणं तेव्हाच, जेव्हा पैशावरचा हक्क बिनशर्त असतो. बिल छापलं जाणं हा निकष नाही. पण बहुतेक सॉफ्टवेअर बिल पक्कं करताच येणं उभं करतं, त्यामुळे ही वजावट वर्षअखेरीला हाताने करावी लागते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला उलटवावी लागते. सर्वात सोपी परीक्षा म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फाडलेली, जानेवारीपासून सुरू होणाऱ्या सेवेची बिलं काढून बघा. त्यांच्यावर सेवेचा एक दिवसही झालेला नसतो, मुदतही आलेली नसते, तरी ती येण्यांत दिमाखात उभी असतात. नफ्याला धक्का नाही म्हणून कोणी बघत नाही. पण येणी किती, वसुली किती दिवसांत होते, हे पाहून कर्ज देणारा माणूस चुकीचं चित्र घेऊन जातो.

या ग्राहकाने नोव्हेंबरात पैसे भरले होते, आणि पुढे ३१ जानेवारीला करार मोडला. १०८ दिवस सेवा घेतली होती, म्हणजे ४३,२००. उरलेले १,०२,८०० परत द्यायचे होते. मी क्रेडिट नोट बनवायला घेतली आणि सवयीने नावे बाजूला सेवा-उत्पन्न निवडलं. सर शेजारीच उभे होते. "कोणाचं उत्पन्न कमी करतेस? ते पैसे उत्पन्नात आलेच कुठे?"

नोंद झाली ती आगाऊ उत्पन्न १,०२,८०० नावे, ग्राहक जमा, आणि परतावा दिल्यावर ग्राहक नावे, बँक जमा. दोन्ही वर्षांच्या नफ्यात काहीही हललं नाही. हाच व्यवहार रोख पद्धतीत मांडून पाहा. गेल्या वर्षी १,४६,००० कमाई, या वर्षी जानेवारीत १,०२,८०० ची घट. ना गेलं वर्ष तितकं चांगलं होतं, ना या वर्षाची सुरुवात तितकी वाईट. ग्राहकाने ७७ दिवस एका वर्षात आणि ३१ दिवस दुसऱ्या वर्षात सेवा घेतली, झालं एवढंच.

त्या संध्याकाळी मी तक्त्यात त्या ओळीची शेवटची तारीख ३१ जानेवारी केली आणि रक्कम ४३,२००. रक्कम बदलायची राहिली असती, तर सूत्राने १,४६,००० हे १०८ दिवसांत वाटून जुने महिनेही बदलून टाकले असते. करार मोडला की दोन्ही रकाने एकत्र बदला, आणि मागचे महिने आधी होते तेच राहिलेत ना, हे फाईल बंद करण्यापूर्वी पाहा. दिवसाचा दर ४०० च आला पाहिजे.