टोकन अनलॉक जवळ आलाय, विकू का ठेवू? आधी हे हिशोब करा

दर वेळी तेच होतं. एखाद्या कॉइनचा अनलॉक, म्हणजे आतापर्यंत अडकवून ठेवलेले टोकन विकायला मोकळे होण्याचा दिवस, आठवड्यावर आला की टेलिग्राम ग्रुपवर "आदल्या दिवशी विका, दुसऱ्या दिवशी खालून घ्या" असे मेसेज फिरायला लागतात, आणि हा सल्ला देणाऱ्याने वेळापत्रक उघडून बघितलेलं नसतं. म्हणून एकच केस नीट सोडवून दाखवतो, इथेरियमवर चालणाऱ्या आर्बिट्रम नेटवर्कच्या ARB टोकनची, कारण तिचे आकडे उघड आहेत आणि जे जे घडू शकतं ते जवळपास सगळं तिथे घडलं.

वेळापत्रक शोधणं सोपं आहे. डेफायलामा किंवा टोकनोमिस्टच्या साइटवर कॉइनचं नाव टाका आणि तिथला आकडा प्रोजेक्टच्या स्वतःच्या डॉक्युमेंटशी जुळतो का ते बघा, बास.

पुढचा प्रश्न, टोकन कोणाला मिळतायत. ARB चे एकूण 1000 कोटी टोकन, त्यातले 26.94 टक्के टीम आणि सल्लागारांचे, 17.53 टक्के गुंतवणूकदारांचे. या दोघांना वर्षभर काहीच मिळणार नव्हतं, मग 16 मार्च 2024 ला एकदम पाव हिस्सा सुटणार होता, म्हणजे टीमचे 67.35 कोटी आणि गुंतवणूकदारांचे 43.82 कोटी, मिळून 111 कोटी. असा एकदम सुटणारा हिस्सा म्हणजे क्लिफ. गुंतवणूकदार फंडांना त्यांच्या लोकांचे पैसे कधीतरी परत द्यायचे असतात, त्यामुळे त्यांचा हिस्सा मी विकायलाच येणार असं धरून चालतो. टीमचा थोडा हळू येतो. प्रोजेक्टच्या तिजोरीत सुटणारे टोकन मात्र या हिशोबात घेऊच नका, ते मतदान होऊन खर्च होईपर्यंत बाजारात येत नाहीत, पण बऱ्याच साइट तेही अनलॉक म्हणून एकाच बेरजेत टाकतात आणि लोक उगाच घाबरतात.

आता खरी किचकट पायरी, आणि मला इथेच सगळ्यात जास्त वेळ लागला होता: सुटणारे टोकन कशाच्या तुलनेत मोजायचे?

एकूण पुरवठ्याच्या तुलनेत मोजले तर 111 कोटी म्हणजे फक्त 11 टक्के, काहीच नाही असं वाटतं. पण त्या वेळी बाजारात फिरत काय होतं? मार्च 2023 च्या एअरड्रॉपमध्ये, म्हणजे फुकट वाटपात, दिलेले साधारण 127.5 कोटी. त्याच्याशी तुलना केली की तोच आकडा 87 टक्के होतो! म्हणजे फिरणारा माल एका दिवसात जवळपास दुप्पट. एकूण पुरवठ्याची टक्केवारी सांगून कोणी "किरकोळ अनलॉक आहे" म्हणत असेल तर त्याचं पुढचं ऐकू नका, भाव ठरतो तो फिरणाऱ्या मालावर.

पण 87 टक्के बघून भाव निम्मा होणार असंही नाही, कारण सुटलेला प्रत्येक टोकन त्याच दिवशी विकला जात नाही. म्हणून दुसरी तुलना लागते, बाजार रोज किती माल पचवू शकतो याच्याशी. इथे लोक चोवीस तासांचा व्हॉल्यूम घेतात आणि फसतात, कारण त्यात तेच तेच टोकन दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असतात आणि काही ठिकाणी फ्युचर्सचा, म्हणजे वायद्यांचा, व्हॉल्यूमही धरलेला असतो. मी कॉइनगेकोवर कॉइनच्या पानावर खाली मार्केट्सची यादी असते ती उघडतो, त्यात -2% Depth असा कॉलम असतो. भाव दोन टक्के खाली जाईपर्यंत खरेदीदार किती डॉलरचा माल उचलतील, हे तो दाखवतो. मोठ्या पाच-सहा एक्स्चेंजची बेरीज करा. हा आकडा व्हॉल्यूमपेक्षा कितीतरी लहान निघतो, आणि खरा कस इथेच कळतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. क्लिफनंतर ARB चे उरलेले 333 कोटी टोकन 36 महिन्यांत, दर महिन्याला 9.26 कोटी याप्रमाणे, मार्च 2027 पर्यंत सुटायचे ठरले. म्हणजे रोजचे साधारण 31 लाख. त्यातले निम्मे जरी विकले गेले तरी रोज 15 लाख टोकन कोणीतरी नव्या पैशाने उचलायला हवेत, नुसता भाव आहे तिथे टिकण्यासाठी. क्लिफच्या तारखेवर सगळ्यांचे डोळे असतात, पण भाव दाबून ठेवतो तो हा रोजचा प्रवाह, आणि त्याला बातमी नसते. म्हणून साइटवरच्या आलेखात उंच पायरीनंतर रेषा चढतच जाते का, हे बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

दबाव नक्की कधी येतो तेही याच पायरीत येतं. मोठे धारक तारखेची वाट बघत बसत नाहीत. टोकन लॉक असले तरी ते पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या वायद्यांत, शॉर्ट घेऊन, म्हणजे भाव पडला तर नफा होईल असा सौदा करून, आजचा भाव पक्का करून ठेवतात. याची खूण म्हणजे अनलॉकच्या आधीच्या काही आठवड्यांत ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून बंद न झालेल्या सौद्यांची बेरीज, वाढत जातो आणि फंडिंग रेट उणे होतो, म्हणजे शॉर्टवाले लाँगवाल्यांना पैसे देत राहतात. तारीख आली की ते हातातले टोकन विकतात आणि शॉर्ट परत खरेदी करून बंद करतात, त्यामुळे त्या दिवशी भाव जागेवर राहू शकतो, कधी वरही उसळतो. फंडिंग आठवडाभर उणे असेल तर आदल्या दिवशी घाबरून विकणं मला पटत नाही, कारण विकायचं ज्यांना होतं त्यांनी बहुतेक आधीच विकलेलं असतं.

प्रत्यक्षात काय झालं? मार्च 2024 च्या सुरुवातीला ARB दोन डॉलरच्या आसपास होता, एप्रिलच्या मध्यात सव्वा डॉलरच्या खाली. पण सगळं खापर अनलॉकवर फोडू नका. बिटकॉइनने 14 मार्चला तेव्हाचा उच्चांक केला आणि नंतर आठवड्याभरात सगळाच बाजार घसरला, इथरही चार हजारांवरून एप्रिलच्या मध्यात तीन हजारांच्या आसपास आला. म्हणजे इथर साधारण पाव घसरला, ARB चाळीस टक्क्यांच्या पुढे. मधला फरक तो ARB चा स्वतःचा, आणि त्यातही किती अनलॉकचा आणि किती बाकी कारणांचा हे वेगळं काढता येत नाही. म्हणून डॉलरचा चार्ट बघू नका, ARB/ETH चा, म्हणजे ARB चा भाव इथरमध्ये दाखवणारा, चार्ट लावा आणि अनलॉकच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने बघा.

गुंतवणूकदारांची खरेदी किंमतही डोक्यात ठेवा. आर्बिट्रम बनवणाऱ्या ऑफचेन लॅब्सने 2021 मध्ये 1.2 अब्ज डॉलर मूल्यांकनाने पैसे उभे केले होते, आणि दोन डॉलर भावाने सगळ्या टोकनचं मूल्य 20 अब्ज होत होतं. असा माणूस भाव निम्मा झाला तरी नफ्यातच असतो, त्यामुळे "इतक्या खाली ते विकणार नाहीत" हा तर्क टिकत नाही.

शेवटची गोष्ट भारतातून ट्रेड करणाऱ्यांसाठी. विकून खालून परत घ्यायचा बेत असेल तर आधी कर मोजा. नफ्यावर 30 टक्के, विक्रीवर 1 टक्का टीडीएस (रिटर्नमध्ये जुळवता येतो, पण तोवर पैसे अडकतात) आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुना नफा मोठा असेल तर विकून भरलेला कर वसूल व्हायलाच भाव बराच खाली यावा लागतो, तेव्हा दहा-बारा टक्क्यांच्या घसरणीसाठी हा उपद्व्याप मी करत नाही. त्यापेक्षा नवी खरेदी लांबवतो, आणि महिन्याला सुटणारा हिस्सा फिरणाऱ्या मालाच्या एक टक्क्याखाली येईपर्यंत त्या कॉइनमध्ये नवा पैसा घालत नाही. ARB मध्ये क्लिफनंतर तो हिस्सा जवळपास चार टक्के होता.