परदेशातल्या भावासाठी राखीची कॅप्शन

‘अंतर कितीही असो’ छापाच्या ओळी कुणाच्याही भावाला चालतात, म्हणून त्या नकोत.

१. आधी दोन्हीकडची वेळ लिहा. ऑगस्टमध्ये टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं.
२. मग फक्त तुमच्याच घरातली एखादी गोष्ट.
३. शेवटी भांडण. ते हवंच!

माझी यंदाची कॅप्शन:
‘पुण्यात संध्याकाळचे साडेसात, टोरांटोत सकाळचे दहा. दादा, राखी उजव्या हाताला, डाव्या हाताने गाठ जमत नसेल तर दात वापर. नारळीभातातले काजू मीच खाल्ले. ओवाळणी बुडवायची नाही.’

राखीच्या पाकिटाचा फोटो टाकणार असाल तर त्यावरचा पत्ता आणि फोन नंबर आधी झाका. माझा गेल्या वर्षी तसाच गेला होता.