छोट्या हॉटेलची खोली: बाथरूम, कपाट आणि बेड कुठे बसवायचे?

इंदूरच्या स्टेशन आणि सरवटे बसस्थानकाच्या परिसरात बरीच लहान हॉटेलं शेजारच्या इमारतींना खेटून उभी आहेत. अशा प्लॉटवर उजेड फक्त पुढून आणि मागून मिळतो. इथे २५ फूट रुंदीचा प्लॉट धरू. पुढच्या बाजूला दोन खोल्या बसतात, प्रत्येक आतून साडेदहा फूट रुंद आणि १९ फूट लांब.

आधी बाथरूम. खिडकीची भिंत बाथरूमला देऊ नका. व्हेंटिलेशन सोपं होतं हे खरं, पण खोली कायमची अंधारी होते. बाथरूम कॉरिडॉरकडे घ्या, आणि दोन्ही खोल्यांची बाथरूमं मधल्या सामायिक भिंतीला पाठीला पाठ लावून ठेवा. बाथरूम आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये दोन फुटांची डक्ट सोडून ती थेट गच्चीवर काढा. सगळे पाइप आणि एक्झॉस्ट तिच्यात जातात. तिचं झाकण कॉरिडॉरमध्ये उघडलं, की पाइप गळताना प्लंबरला पाहुण्याची खोली मागावी लागत नाही.

याच डक्टमुळे आणखी एक सोय होते. खोलीचं दार कॉरिडॉरपासून दोन फूट आत जातं आणि दारापुढे खाच तयार होते. रात्री उशिराच्या गाडीने आलेलं कुटुंब कुलूप उघडेपर्यंत तिथे बॅगा टेकवतं, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडत नाही. या जागेत चपलांचा रॅक घालायचा मोह आवरा.

बाथरूम आतून ५ फूट बाय साडेसात फूट पुरतं. डक्टच्या बाजूला ३ फूट शॉवर, मग अडीच फूट कमोड आणि खोलीच्या टोकाला २ फूट बेसिन. ओल डक्टकडे राहते, कोरडा भाग दाराशी. दार बेसिनच्या टोकाला आणि आत उघडणारं हवं. एका कामात मी ते बाहेर उघडणारं केलं होतं. खोलीचं दार आणि ते एकमेकांवर आपटायचे, महिन्याभरात दोन्हींचे कोपरे फुटले.

कपाट. बाथरूम आणि अर्ध्या विटेची भिंत मिळून साडेपाच फूट गेले, म्हणजे आत शिरण्याची वाट ५ फुटांची उरली. हँगरला आडवा शर्ट अडकवायचा तर कपाट दोन फूट खोल लागतं, तेव्हा चालायला ३ फूट राहतात. कपाट दारालगत लावू नका. पहिले ३ फूट दाराच्या पल्ल्यासाठी मोकळे ठेवा, त्यापुढे साडेतीन फुटांचं कपाट. त्याला पल्ले नकोत. बाथरूमचं दार समोरच असल्याने उघडा पल्ला वाट अडवतो, आणि उघड्या कपाटात पाहुण्याचं सामान विसरत नाही. खाली दीड फुटावर फळी टाकली की बॅग तिथेच बसते.

बेड. खिडकीकडे साडेदहा बाय साधारण ११ फूट जागा उरते. ५ बाय साडेसहा फुटांचा बेड घ्या आणि उशी मधल्या सामायिक भिंतीकडे करा. पायथ्याशी जवळजवळ ४ फूट वाट राहते, टीव्ही समोरच्या भिंतीवर जातो. दार उघडलं तरी कॉरिडॉरमधून झोपलेल्याचं तोंड दिसत नाही, बाथरूमची भिंत आडोसा करते. पायही दाराकडे येत नाहीत, ते आपल्याकडे कुणालाच आवडत नाही. बाथरूमच्या भिंतीपासून बेड २ फूट सोडलात तर खिडकीकडे ४ फूट मिळतात. उज्जैनला जाणाऱ्या कुटुंबातलं तिसरं माणूस गादी मागतं, ती ३ फुटांची गादी तिथे पसरते.

शेजारच्या खोलीचीही उशी याच भिंतीला लागते, म्हणून ही भिंत ९ इंची विटेची करा. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड बरोबर पाठीला पाठ आले तर त्या भोकातून बोलणं ऐकू येतं. निदान फूटभर अंतर ठेवा.

आता दिशा. खोल्या एकमेकींचं प्रतिबिंब असल्याने उशाही उलट दिशांना जातात. प्लॉट उत्तरमुखी किंवा दक्षिणमुखी असेल तर एक उशी पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला, चालून जातं. पूर्वमुखी किंवा पश्चिममुखी प्लॉटवर मात्र एका खोलीत उशी उत्तरेला येते, आणि रिसेप्शनवर खोली बदलून मागणारे येतात. त्या एका खोलीत उशी बाहेरच्या भिंतीकडे फिरवा. तिथे कपाटाची दोन फुटांची बाजू आडोसा देते, बेड मात्र फूटभर खिडकीकडे सरकवावा लागतो. टीव्ही सामायिक भिंतीवर, म्हणजे शेजाऱ्याच्या उशामागे जातो, तेवढी तडजोड राहते.

विटकाम सुरू होण्याआधी स्लॅबवर चुन्याने सगळं खऱ्या मापात आखा. दारं, कपाट, बेड, सगळं. मग मोठी सुटकेस घेऊन दारापासून खिडकीपर्यंत चालत जा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला कपाटापाशी उभं करा. खांदा घासला तर रेघ तिथेच पुसून नवी ओढा.